स्पीकर बोलला, पण पैसे खात्यात आलेच नाहीत! दुकानातला क्यूआर स्पीकर नेमकं काय सांगतो?

गावातल्या किराणा दुकानापासून वडापावच्या गाड्यापर्यंत आता सगळीकडे क्यूआर कोड आणि शेजारी बोलणारा स्पीकर दिसतो. ग्राहकाने स्कॅन केलं, स्पीकर बोलला, की दुकानदार सामानाची पिशवी पुढे सरकवतो. मोबाइल बघायचीही गरज पडत नाही. पण स्पीकर बोलणं आणि बँकेच्या खात्यात पैसे जमा होणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा दोन्ही घडतात, म्हणून त्यातला फरक कोणाच्या लक्षात येत नाही. जेव्हा पहिली घडते आणि दुसरी घडत नाही, तेव्हा दुकानदाराला कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो.

हे कसं होतं ते समजायला सोपं जावं म्हणून बाजाराच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराची गोष्ट इथे मांडली आहे. गोष्ट प्रातिनिधिक आहे, त्यामुळे गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तेवढं पुरे.

बाजाराच्या दिवशी आलेला माणूस

सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास दुकानात गर्दी असताना एक तरुण आला. अंगात पेमेंट कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. "अण्णा, तुमचा स्पीकर जुना झालाय. कंपनी सगळीकडे नवीन फोर-जीवाला देतेय. पैसे काही नाहीत, फक्त जुना परत द्यायचा," असं तो म्हणाला.

अण्णांचा जुना स्पीकर खरोखरच अधूनमधून अडकत होता. त्यांनी मान हलवली. तरुणाने जुना स्पीकर बॅगेत टाकला आणि नवा काउंटरवर ठेवला. "नवीन मशीनला नवीन कोड लागतो," असं म्हणत त्याने जुन्या क्यूआरवर नवा स्टिकर चिकटवला. स्टिकरवर दुकानाचं नाव बरोबर छापलेलं होतं. मग त्याने स्वतःच्या फोनवरून स्कॅन करून एक रुपया पाठवला. स्पीकर लगेच बोलला, "एक रुपया प्राप्त झाला." अण्णांचं समाधान झालं. सगळं काम पाच मिनिटांत आटोपलं. त्याने ओटीपी मागितला नाही, एटीएम कार्ड मागितलं नाही, अण्णांच्या मोबाइलला हातही लावला नाही. फसवणुकीबद्दल अण्णांनी जे जे ऐकलं होतं, त्यातलं काहीच घडलं नाही.

पुढचे सहा दिवस दुकान नेहमीसारखं चाललं. अण्णांना जुनी सवय आहे. वहीत रोखीचा, उधारीचा आणि 'फोनचे' असे तीन रकाने ते ठेवतात. स्पीकर बोलला की 'फोनचे'खाली रक्कम लिहायची, ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर पुढे नावही टाकायचं. सोमवारी दुपारनंतर ४,३१० रुपये, मंगळवारी २,८६५, बुधवारी ३,१४०, गुरुवारी २,७२०, शुक्रवारी ३,४०५ आणि शनिवारी ३,९६०. एकूण २०,४०० रुपये स्पीकरने बोलून दाखवले. रविवारी दुकान बंद होतं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाला तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. अण्णांनी दिलेला १८,००० रुपयांचा चेक वटला नव्हता. खात्यात तेवढी शिल्लकच नव्हती. गणपतीच्या तोंडावर साखर, गूळ, खोबरं भरायचं होतं आणि व्यापारी म्हणत होता, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका, पण पुढचा माल आता रोखीनेच."

"साहेब, स्पीकर बोललाय"

अण्णा मुलाला दुकानात बसवून बँकेत गेले. पासबुक छापून घेतलं. कंपनीकडून रोज एक रक्कम यायची, ती आदल्या मंगळवारपर्यंत होती. मंगळवारची नोंद होती फक्त १,१५० रुपयांची. त्यानंतर एकही नाही. खात्यात शिल्लक ५,७०० रुपये.

"पैसे कुठे गेले?" अण्णांनी विचारलं.

"आमच्याकडे आलेच नाहीत," काउंटरवरच्या साहेबांनी सांगितलं.

"साहेब, स्पीकर बोललाय. रोज बोललाय. माझ्या वहीत आहे."

"तो स्पीकर आमचा नाही, अण्णा. तो कंपनीचा आहे. आमच्याकडे पैसे आले की आमचा मेसेज येतो. मेसेज आले होते का?"

मेसेज आले नव्हते. अण्णांना वाटलं होतं, शनिवार-रविवारची सुट्टी असेल, सोमवारी एकदम जमा होतील. बँकेचे साहेब खोटं बोलत नव्हते आणि स्पीकरही बिघडलेला नव्हता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हे कसं शक्य आहे, हे समजायला पैशाचा रस्ता बघावा लागतो.

पैशाचा रस्ता आणि आवाजाचा रस्ता

ग्राहक क्यूआर स्कॅन करतो तेव्हा त्याच्या मोबाइलला एक यूपीआय आयडी मिळतो. क्यूआर म्हणजे फक्त तो आयडी चौकोनी ठिपक्यांत लिहिलेला असतो, त्यात पैसे नसतात आणि खातेही नसतं. ग्राहकाने पिन टाकला की त्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेतून ती पुढे जाते आणि तो आयडी ज्याच्या नावावर नोंदला आहे त्याच्या बाजूला जमा होते.

इथे दोन प्रकार आहेत. बँकेने स्वतः दिलेला क्यूआर किंवा साधा वैयक्तिक क्यूआर असेल, तर रक्कम सहसा थेट बँक खात्यात पडते. पण पेमेंट कंपनीने दुकानदार म्हणून नोंदणी करून क्यूआर दिला असेल, तर अनेकदा पैसा आधी कंपनीने बँकेत उघडलेल्या एका वेगळ्या खात्यात जातो. त्याला एस्क्रो खातं म्हणतात. हे पैसे दुकानदारांचे असतात, कंपनीला ते स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाहीत. तिथून दिवसभराची बेरीज करून कंपनी दुकानदाराच्या बँक खात्यात एकरकमी पाठवते. याला सेटलमेंट म्हणतात. ते बहुधा दुसऱ्या दिवशी होतं, काही ठिकाणी त्याच दिवशी. अण्णांच्या पासबुकात रोज एकच रक्कम दिसायची ती यामुळेच.

आता आवाजाचा रस्ता बघा. स्पीकरमध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. दुकानदाराच्या मोबाइलशी किंवा बँकेशी त्याचा संबंध नसतो. ग्राहकाचं पेमेंट यशस्वी झाल्याची खबर कंपनीच्या सर्व्हरला मिळते. तो सर्व्हर बघतो की या आयडीला कुठला स्पीकर जोडलेला आहे, आणि त्या स्पीकरला इंटरनेटवरून रक्कम कळवतो. स्पीकर ती मोठ्याने वाचतो. म्हणजे स्पीकरच्या बोलण्याचा अर्थ एवढाच, की हा स्पीकर ज्या आयडीला जोडला आहे त्या आयडीवर इतके रुपये आले. तो आयडी कोणाचा आहे हे स्पीकरला माहीत नसतं. पुढे सेटलमेंट झालं की नाही, झालं तर कुठल्या खात्यात, हेही त्याला माहीत नसतं. आवाज ग्राहकाच्या पेमेंटनंतर काही सेकंदांत येतो आणि पैसा खात्यात येतो नंतर. गडबड होते ती या मधल्या अंतरात.

त्या तरुणाने दाखवलेली एक रुपयाची चाचणीही यामुळेच फसवी होती. नवा क्यूआर आणि नवा स्पीकर एकमेकांना जोडलेले आहेत, एवढंच त्या चाचणीने सिद्ध झालं. ते दोन्ही अण्णांच्या खात्याला जोडलेले आहेत, हे सिद्ध झालं नाही.

ॲप उघडलं की तीनपैकी एक उत्तर मिळतं

स्पीकर बोलतोय आणि बँकेत पैसे नाहीत, असं झालं तर आधी बँकेत धावण्याऐवजी कंपनीचं दुकानदारांसाठीचं ॲप उघडावं. त्यात स्पीकरने बोललेलं एखादं पेमेंट शोधावं. कालची एखादी लक्षात राहिलेली रक्कम निवडली की सोपं जातं. मग तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं चित्र: पेमेंट ॲपमध्ये दिसतंय, पण सेटलमेंट बाकी आहे किंवा रोखलेलं आहे. म्हणजे पैसे कंपनीकडे आहेत. केवायसी अपुरी असणं, बँक विलीन झाल्याने आयएफएससी कोड बदललेला असणं, बँक खातं बंद किंवा गोठवलेलं असणं, अशी कारणं त्यामागे असतात. अशा वेळी पैसे बुडालेले नसतात. कागदपत्रं किंवा खात्याचा तपशील दुरुस्त केला की रक्कम सुटते.

दुसरं चित्र: पेमेंट दिसतंय आणि सेटलमेंट झालंय असंही लिहिलंय. मग त्या सेटलमेंटवर टिचकी मारून बघावं. तिथे बँक खात्याचे शेवटचे चार आकडे आणि एक यूटीआर क्रमांक असतो. आकडे आपल्या पासबुकातल्या खात्याचे असतील, तर तो यूटीआर घेऊन बँकेत जावं, बँकेला त्यावरून शोध घेता येतो. रक्कम थोडी कमी आली असेल तर त्याच पानावर वजावट दिसते. स्पीकरचं मासिक भाडं किंवा ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता सेटलमेंटमधूनच कापला जातो. ग्राहकाने साध्या बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशावर मात्र दुकानदाराला शुल्क लागत नाही, हे लक्षात ठेवावं. आणि खात्याचे आकडे अनोळखी असतील, तर कोणीतरी ॲपमध्ये शिरून खातं बदललेलं आहे.

तिसरं चित्र: स्पीकरने बोललेलं पेमेंट ॲपमध्ये मुळात नाहीच. हे सगळ्यात वाईट. याचा अर्थ काउंटरवरचा क्यूआर आणि स्पीकर तुमच्या नोंदणीचे नाहीत.

अण्णांच्या ॲपमध्ये काय निघालं

बँकेतल्या साहेबांनीच अण्णांना ॲप उघडायला सांगितलं. ते पुण्यातल्या मुलाने टाकून दिलं होतं, अण्णांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आदल्या सोमवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी शेवटचं पेमेंट होतं. सकाळपासून तोपर्यंतची बेरीज १,१५० रुपये. मंगळवारी पासबुकात पडलेली रक्कम नेमकी तीच. त्यानंतर ॲप कोरं.

म्हणजे पैसा थांबला त्याची वेळही सापडली. बाराच्या सुमारास तो तरुण आला होता.

उरलेली शंका शाळेतल्या मॅडमच्या मोबाइलने मिटवली. त्या बँकेत कामासाठी आल्या होत्या आणि शुक्रवारी त्यांनी अण्णांकडे ३४० रुपये दिले होते. त्यांच्या ॲपमध्ये तो व्यवहार यशस्वी होता. वर दुकानाचं नाव होतं, पण खाली बँकेतलं नाव म्हणून भलत्याच माणसाचं नाव होतं. यूपीआय आयडीही अण्णांचा नव्हता.

"मॅडम, तुम्ही बघितलं नाही का नाव?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, वर तुमच्या दुकानाचं नाव होतं ना! आणि तुमचा स्पीकर बोलला. मग खाली कोण बघतं?"

डाव असा होता. कोणीही दुकानदार म्हणून नोंदणी केली की कंपनीकडून क्यूआर आणि स्पीकर मिळतो. नोंदणी करताना दुकानाचं नाव अर्जदार स्वतः टाकतो. ठगांनी दुसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर आणि भाड्याने घेतलेल्या बँक खात्यावर अण्णांच्या दुकानाच्या नावाने नोंदणी केली होती. स्पीकर खरा होता, क्यूआर खरा होता, प्रत्येक पेमेंटही खरं होतं. फक्त मालक दुसरा होता.

क्यूआरवर नुसता दुसरा स्टिकर चिकटवण्याचा प्रकार जुना आहे. त्यात दुकानदाराचा स्पीकर गप्प राहतो, म्हणून चोरी तासाभरात उघड होते. स्टिकरसोबत स्पीकरही बदलला की ती धोक्याची घंटाच काढून घेतली जाते.

तक्रार करताना अडलं कुठे

बँकेतूनच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, व्यवहाराचे क्रमांक सांगा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो, त्यालाच यूटीआर म्हणतात. त्यावरून पैसा कुठल्या बँकेत गेला ते यंत्रणेला लगेच कळतं आणि त्या बँकेला खात्यातली उरलेली रक्कम रोखायला सांगता येतं.

पण अण्णांकडे एकही क्रमांक नव्हता. पैसे त्यांच्या नोंदणीवर आलेच नव्हते, मग त्यांच्या ॲपमध्ये क्रमांक कुठून असणार? ते होते ग्राहकांच्या मोबाइलमध्ये. शहरातल्या दुकानदाराला आठवडाभरातले ग्राहक शोधणं अवघड गेलं असतं. इथे वही कामाला आली. 'फोनचे' रकान्यात रकमेपुढे नावं होती. मॅडमच्या ३४० रुपयांचा क्रमांक देऊन तक्रार आधी नोंदवून टाकली, पोचक्रमांक घेतला आणि मग मुलाने वहीतल्या नावांना फोन लावायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ३७ जणांनी व्यवहाराचे स्क्रीनशॉट पाठवले. त्यांची बेरीज १४,७८५ रुपये झाली. ते सगळे क्रमांक cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावरच्या तक्रारीला आणि पोलिस ठाण्यात दिलेल्या अर्जाला जोडले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळे क्रमांक जमेपर्यंत थांबू नये. एक क्रमांक मिळाला तरी समोरचं खातं सापडतं आणि वेळ तिथेच महत्त्वाची असते, कारण भाड्याच्या खात्यातून पैसे दिवसभरात एटीएमने काढले जातात किंवा पुढच्या खात्यांत पाठवले जातात.

दुसरा फोन कंपनीला करायचा होता. तो करताना अण्णांच्या मुलाने चूक टाळली. स्टिकरवर छापलेला मदत क्रमांक त्याने वापरला नाही, कारण स्टिकरच ठगांचा होता. ॲपमधल्या मदतीच्या पानावरून त्याने तक्रार केली. सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होतं, याचा इथे फायदा झाला. त्या सोमवारी सकाळपासून खोट्या क्यूआरवर आलेले २,२४० रुपये अजून कंपनीच्या ताब्यातच होते. कंपनीने ती नोंदणी थांबवली आणि रक्कम रोखून धरली.

काउंटरवरचा खोटा स्टिकर आणि स्पीकर त्याने फेकला नाही. आधी स्टिकरचा जागेवर फोटो काढला, स्पीकरच्या तळावरचा क्रमांक टिपून घेतला, मग त्याची तार काढून तो पोलिसांकडे जमा केला. तो स्पीकर कोणाच्या नोंदणीवर आणि कुठल्या पत्त्यावर दिला गेला, हे कंपनीच्या दप्तरात त्या क्रमांकावरून निघतं.

किती वाचले, किती गेले

आठवडाभरातले २०,४०० आणि दुसऱ्या सोमवारचे २,२४०, असे एकूण २२,६४० रुपये खोट्या नोंदणीवर गेले होते. त्यातले २,२४० कंपनीकडे रोखले गेले. भाड्याच्या बँक खात्यात ५,९३० रुपये शिल्लक सापडले, ते बँकेने गोठवले. उरलेले १४,४७० रुपये आधीच काढून घेतलेले होते.

गोठवलेली रक्कम म्हणजे परत मिळालेली रक्कम नव्हे. ती खात्यात अडकून राहते आणि ठरलेली कार्यवाही झाल्यावर तक्रारदाराकडे येते. त्याला वेळ लागतो. एकाच खात्यात अनेकांचे पैसे आले असतील तर वाटणीचा प्रश्नही येतो. चेक न वटल्याचा दंड बँकेने अण्णांच्या खात्यातून कापला, तो वेगळाच.

ग्राहकांकडे पुन्हा पैसे मागता येतील का, असाही विचार घरात झाला. पण ग्राहकाने दुकानात लावलेल्या क्यूआरवर, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत पैसे दिले होते. स्पीकर ऐकून अण्णांनी माल दिला होता. "त्यांची काय चूक? कोड माझ्या काउंटरवर होता," असं म्हणून अण्णांनी तो विषय बंद केला.

रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा ताळा

या प्रकारात ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका हे नेहमीचे इशारे उपयोगी पडत नाहीत, कारण दुकानदाराकडून काही मागितलंच जात नाही. उपयोगी पडतो तो ताळा.

गल्ला मोजताना ॲपमधली 'आजची जमा' बघावी. ती वहीतल्या किंवा अंदाजाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. दुसऱ्या दिवशी बँकेचा जमा झाल्याचा मेसेज आला पाहिजे आणि त्याची रक्कम ॲपमधल्या सेटलमेंटशी जुळली पाहिजे. पहिला ताळा चुकला तर क्यूआर किंवा स्पीकरमध्ये गडबड आहे. पहिला जुळला आणि दुसरा चुकला, तर अडचण कंपनी आणि बँक यांच्या मध्ये आहे. स्पीकरचा आवाज या दोन्हींच्या जागी चालत नाही. कधी तर उलटही होतं. रेंज नसली की पैसे येतात पण स्पीकर गप्प राहतो, आणि रेंज आल्यावर तो जुनी रक्कम बोलतो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने दिली असं समजून दुकानदार माल देऊन बसतो. अशा वेळीही ॲपमधली नोंद आणि तिची वेळ बघणं हाच उपाय.

स्पीकर किंवा क्यूआर बदलायला कोणी आलं, तर आधी ॲपमध्ये तशी विनंती किंवा नोंद आहे का ते पाहावं. नसेल तर त्याला परत पाठवावं. खरा माणूस उद्या पुन्हा येतो. बदल करायचाच असेल तर घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून नवा क्यूआर स्कॅन करून बँकेतलं नाव वाचावं. एनपीसीआयने ३० जून २०२५ पर्यंत लागू करायला सांगितलेल्या नियमानुसार व्यक्तींच्या आणि छोट्या दुकानदारांच्या खात्यांसाठी यूपीआय ॲपने बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवायचं असतं. मोठ्या नोंदणीत मात्र दुकानाचंच नाव दिसू शकतं, म्हणून नाव जुळलं तरी तिथे थांबू नये. दहा रुपये पाठवून ते आपल्या ॲपमध्ये दिसतात का ते बघावं. स्पीकर बोलला तरी ॲपमध्ये दिसल्याशिवाय जुना स्पीकर हातातून सोडू नये.

नव्या क्यूआरवर पहिल्या दिवशी आलेले पैसे दुसऱ्या दिवशी पासबुकात पडल्याशिवाय बदल पूर्ण झाला असं धरू नये. अण्णांनी मंगळवारी दुपारी तेवढा एक मेसेज शोधला असता, तर नुकसान दीड दिवसाच्या धंद्यावर थांबलं असतं.